अनुभव धागा: सर्व्हरलेस कुठं फसलं तुमचं?

पऱ्हाटीवाला
भाचा मुलाखतीची तयारी करून राह्यला. काल ओसरीत बसून प्रश्न वाचत होता, "सर्व्हरलेस केव्हा वापरू नये?" माझ्या पोटात एकदम गोळाच आला. दोन हंगामांआधी आमच्या भागातल्या जिनिंगसाठी कापसाच्या टोकनचं ॲप मीच बनवलं होतं. ॲमेझॉनचं लॅम्डा फंक्शन, म्हणजे विनंती आली तरच चालणारा कोड, अन् मागं एका लहान व्हीएमवर पोस्टग्रेस डेटाबेस. दिवसभर शुकशुकाट, सकाळी 8 ला टोकन उघडलं की पाच मिनिटं गर्दी. मला वाटलं, सर्व्हरलेस यासाठीच तर असते!

पहिल्याच सोमवारी 8 वाजता तीनेकशे कास्तकारांनी एकदम बटण दाबलं. लॉगमध्ये हीच एक ओळ खाली खाली सरकत होती:

```
FATAL: remaining connection slots are reserved for non-replication superuser connections
```

म्हणजे डेटाबेसची कनेक्शनं भरली होती. 8:05 ला गर्दी ओसरली, तरी एरर थांबेना. लोक रात्रीपासून बंड्या भरून उभे होते. तुमचेही अनुभव लिहा.

वणीकर_७०
लोडचं काय सांगता भाऊ. आमच्या डीपीवर 14 मोटरा आहेत, दिवसा एक बी धड चालत नाही. लोड बॅलन्सर भेटत असन तर मले बी सांगा.

सई_अमरावती
काका, हा लोड वेगळा 😄 वेबसाइटवर आलेली माणसं दोन-चार सर्व्हरवर वाटून देते ते. मोटरीचं दुःख मात्र खरं आहे, आमच्याकडे पण रात्रीचीच लाइन.

कोडवाला_पुसद
सोपं आहे. पोस्टग्रेसचं max_connections 100 असते, 500 करायचं होतं. सर्व्हरलेसचा काय दोष?

रात्रपाळी
अर्धं बरोबर आहे तुमचं. 100 हा पोस्टग्रेसचा डिफॉल्टच आहे. पण तिथं दर कनेक्शनमागं एक वेगळी प्रोसेस उभी राहते. लहान मशीनवर 500 झाल्या की मेमरी संपते आणि सगळंच लोळते. अन् लॅम्डाची एक प्रत एका वेळी एकच विनंती घेते, म्हणजे 300 माणसं एकदम आली की 300 प्रती, 300 कनेक्शन. खात्याला डिफॉल्ट मर्यादा 1000 प्रतींची, म्हणजे उद्या 500 पण कमीच पडतील.

गर्दी गेल्यावरही एरर का, तर काम झालं की प्रत मरत नाही, गोठवून ठेवतात. तिनं उघडलेलं कनेक्शन डेटाबेसकडं तसंच राहते. पऱ्हाटीवाला, कोण जोडलेलं आहे ते pg_stat_activity मध्ये पाहिलं होतं का?

पऱ्हाटीवाला
पाहिलं ना. सुपरयूजरसाठी 3 जागा राखीव असतात म्हणून तरी आत शिरता आलं.

```sql
select state, count(*) from pg_stat_activity group by state;
```

idle 92, active 6, त्यातलं एक माझंच. 92 जण खुर्ची अडवून नुसते बसलेले! ते पाहिलं तेव्हा डोक्यात उजेड पडला.

गोदावरीताई
स्वयंपाक सोडून लिहिते आहे. आमचं फोटोंवरून फसलं. बोंडअळीचे फोटो बाया शेतातून पाठवायच्या, आम्ही ते लॅम्डातूनच साठवणुकीत टाकायचो. काहींचे जायचे, काहींचे नाही, आम्ही रेंजलाच शिव्या दिल्या. मग मुलीनं बसून फोटोंचे आकार लिहून काढले, तर साडेचार एमबीच्या वरचे सगळे परत! लॅम्डाची मर्यादा 6 एमबी, पण बेस64 मध्ये फोटो एक तृतीयांशानं फुगतो. आता फंक्शन फक्त सही केलेली लिंक देते आणि फोन थेट एस3 मध्ये फोटो टाकतो. भाजी लागली वाटते, येते.

सई_अमरावती
ताई, लिंकची मुदत किती ठेवली? आम्ही 5 मिनिटं ठेवली होती. बाया बांधावर लिंक घ्यायच्या, रेंज यायची घरी.

कोडवाला_पुसद
बरं, कनेक्शनचं पटलं. मग ऑटोस्केलिंगवाले साधे सर्व्हर का नाही लावले?

पऱ्हाटीवाला
लावून पाहिले. नवी मशीन उठून कामाला लागेपर्यंत तीन-चार मिनिटं जात, तोवर टोकन संपलेले. अन् प्रत्येक मशीन डेटाबेसकडं आणखी कनेक्शन मागणार, दार तर तेवढंच. शेवटी एकच लहान सर्व्हर कायम चालू ठेवला, त्यात 20 कनेक्शनचा पूल, तीच 20 सगळ्यांत आळीपाळीनं वापरायची. एक टोकन 30 मिलिसेकंदात निघते, म्हणजे 300 जण अर्ध्या सेकंदात मोकळे. बाकीचे क्षणभर रांगेत थांबतात, एरर नाही.

रात्रपाळी
तो एक सर्व्हर 7:59 ला बसला तर? मी लॅम्डाच ठेवून मध्ये थोडीच कनेक्शनं सगळ्यांत वाटून देणारा पीजीबाउन्सर लावला असता.

पऱ्हाटीवाला
ती भीती आहेच. अजून बसला नाही, पण दुसरा ठेवलेला नाही हे खरं. पीजीबाउन्सर त्याच व्हीएमवर लावता का वेगळ्या?

वणीकर_७०
ते टोकन आता बी 8 लेच उघडते का? माह्याकडं आठ क्विंटल घरात पडून आहे.

पऱ्हाटीवाला
हो काका, 8 लाच. सातबारा हाताशी ठेवा.