मदत हवी आहे: खाल्ल्यावर दहा मिनिटांत ओठ सुजले, मग धाप लागली. आमचं नेमकं कुठे चुकलं?

मधलीसुट्टी

नमस्कार मंडळी. माणूस आता घरी आहे, ठीक आहे. घाईचा प्रश्न नाही, पण चार रात्री झाल्या, डोक्यातून जात नाहीये.

माझा दीर, वय २७, वजन ८८ किलो. लहानपणापासून दमा, पंप खिशात असतो. काजू खाल्ला की तोंडाला खाज येते असं तो दोनदा म्हणाला होता, आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. शनिवारी रात्री ८:४० ला त्याने केकचा एक तुकडा खाल्ला. वर बदाम दिसत होते, आत काय होतं ते कोणी विचारलं नाही. दोन मिनिटांत म्हणाला, ओठ चुरचुरतायत. ८:५० ला वरचा ओठ इतका सुजला की त्याला नीट बोलता येईना, डोळ्यांखालीही फुगलं. मी सेट्रिझिन दिली. नऊच्या सुमारास पोटात कळ येऊन एक उलटी झाली, छातीत सूं सूं सुरू झालं. त्याने पंप घेतला, पाच मिनिटं बरं वाटलं. अंगावर पित्त अजिबात उठलं नव्हतं, म्हणून सासूबाई म्हणाल्या, "ही अ‍ॅलर्जी नाही, दमा उसळलाय. गोळी लागू पडेल, जरा थांबा." आम्ही थांबलो.

९:१५ ला तो बाथरूमला जायला उठला आणि दारातच भिंतीला धरून खाली बसला. चेहरा राखेसारखा, घामाने शर्ट ओला. तसाच गाडीत घातला. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांनी दुसरं. सोबत सलाइन, ऑक्सिजन. दहा मिनिटांत माणूस परत आला. अकरा वाजता तो घरी जायचं म्हणून हटून बसला होता, त्यांनी सोडलं नाही. आणि रात्री दोनला ओठ पुन्हा सुजले, धाप पुन्हा लागली!

माझे प्रश्न: हे गंभीर आहे हे कोणत्या मिनिटाला कळायला हवं होतं? आणि सासूबाई अजून म्हणतात की गोळीला वेळ दिला असता तर सुईची गरज पडली नसती. खरं आहे का?

हिशेबनीस

माझ्या मते सासूबाई अगदीच चूक नाहीत. मला कोळंबीने ओठ सुजतात, गोळी घेतो, तासाभरात उतरतं. दहा वर्षं असंच चाललंय. अ‍ॅड्रिनलिन हृदयाला जड पडतं, ठोके बिघडतात असं ऐकून आहे. घरी सेट्रिझिन आणि स्टेरॉइडची गोळी ठेवा, बास.

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मधलीसुट्टी, तुमच्या हकीकतीत उत्तर नऊ वाजता आहे. ८:५० ला फक्त ओठ आणि डोळे सुजले होते. नुसतं तेवढंच राहिलं असतं तर गोळी देऊन, माणसाला एकटं न सोडता बारीक लक्ष ठेवणं ठीक होतं. नऊला छाती वाजायला लागली आणि पोटानेही साथ दिली. ज्याची अ‍ॅलर्जी असावी असा संशय आहे ते पोटात गेल्यावर थोड्याच वेळात सूज आणि श्वासाचा त्रास एकत्र आला, तर तो अ‍ॅनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी अ‍ॅलर्जी. आणखी पुराव्याची वाट पाहायची नसते. पित्त उठलं नाही म्हणून अ‍ॅलर्जी नाही, या एका समजुतीने फार उशीर होतो. दहातल्या एकदोघांच्या अंगावर काहीच उठत नाही. आणि दम्याच्या माणसात तर हमखास फसगत होते, कारण सूं सूं ओळखीची असते आणि हात आपोआप पंपाकडे जातो.

मी विचारते ते असं: आवाज घोगरा झाला का? घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय का? थुंकी गिळता येते का? एक वाक्य दम न खाता पूर्ण बोलता येतं का? एकाचं उत्तरही वाईट आलं की मी थांबत नाही. आणखी एक, सूं सूं अचानक बंद झाली आणि माणूस मात्र थकत, गुंगत चाललाय, तर ते बरं होणं नव्हे. हवा आत-बाहेर जायचीच थांबली की आवाज कुठून येणार?

आता गोळीचं. सेट्रिझिन हिस्टामिन या अ‍ॅलर्जीच्या रसायनाला अडवते, तीही पोटातून रक्तात जाऊन अर्ध्या-पाऊण तासाने. खाज आणि पित्तावर छान. पण घशाची सूज, आवळलेल्या श्वासनळ्या आणि पडलेलं बीपी तिच्या आवाक्यात नाहीत. पंप श्वासनळ्या थोड्या उघडतो, घसा आणि बीपी सोडून देतो, म्हणून पाच मिनिटं बरं वाटलं. स्टेरॉइडला तर काही तास लागतात. अ‍ॅड्रिनलिन एकटं तिन्ही कामं करतं: सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनळ्या मोकळ्या करतं, आणि ज्या पेशी ही रसायनं ओतत असतात त्यांनाही आवरतं. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात अन्नाने दगावलेल्यांचा श्वास किंवा हृदय थांबायला साधारण अर्धा तास लागला होता. तुम्ही गोळीची वाट पाहत होता तोच तो अर्धा तास. घाबरवायला लिहीत नाही, हिशेब कळावा म्हणून.

हिशेबनीस, तुमचं अर्धं बरोबर आहे. शिरेतून चुकीच्या प्रमाणात दिलं तर अ‍ॅड्रिनलिन धोक्याचंच. पण इथे ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. हात थरथरतात, छातीत धडधडतं, थोड्या वेळात ओसरतं. आणि दहा वर्षं ओठांवर भागलं म्हणून अकराव्या वर्षीही तिथेच भागेल, असं कोळंबीने तुम्हाला लिहून दिलेलं नाही. एकदा तज्ज्ञाला दाखवा.

खारूताई

माझ्या वडिलांचेही ओठ असेच सुजतात, महिन्यातून एकदा. खाल्ल्याशी काही संबंध लागत नाही, खाजही नसते. आम्ही घरातले सगळे दाणे बंद केले, काही फरक नाही. त्यांनाही हे मांडीतलं इंजेक्शन द्यावं का?

रात्रपाळी

खारूताई, बीपीची गोळी चालू आहे का? नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेली?

खारूताई

हो, रॅमिप्रिल! पण ती तर दोन वर्षं चालू आहे.

रात्रपाळी

दोन वर्षांनीही होतं. ही सूज वेगळ्या रसायनाने येते, ती अ‍ॅलर्जीच्या औषधांना फारशी दाद देत नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करून गोळी बदलून घ्या. जीभ किंवा घसा सुजला तर थेट हॉस्पिटल. बाकी वेगळा धागा काढा, इथे दोन गोष्टींची सरमिसळ होईल.

अर्धविराम

माझ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, सहा वर्षं अ‍ॅड्रिनलिनचं टोचायचं पेन सोबत असतं. मधलीसुट्टी, तुमचं सगळं वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो ९:१५ वर. त्याला उठू द्यायला नको होतं. आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: आडवं करायचं, पाय उंच. धाप असेल तर पाय लांब करून बसवायचं. बाथरूम नाही, जिना नाही, गाडीपर्यंत चालत तर नाहीच. गाडीतही ताठ बसवून नेऊ नका. शक्य तर रुग्णवाहिका घरी बोलवा.

रात्रपाळी

अगदी. रक्तवाहिन्या सैल पडल्या की रक्त पायांत साचतं. उभं राहिलं की हृदयाकडे परत येणारं रक्त एकदम घटतं, हृदय जवळजवळ रिकामं धडधडतं. बरा वाटणारा माणूस उभा राहिला आणि गेला, असं घडलेलं आहे. तुमचा दीर भिंतीला धरून खाली बसला, तेच बरं झालं. प्रेमाने धरून उभा केला असतात तर!

मधलीसुट्टी

आम्ही त्याला दोघांनी खांद्याला धरून गाडीपर्यंत चालवत नेलं. लिहिताना हात गार पडलेत.

एक राहिलं होतं. त्या संध्याकाळी तो बॅडमिंटन खेळून आला होता आणि पाठ दुखते म्हणून आयब्युप्रोफेन घेतली होती. त्याचा काही संबंध? कारण आधी दोनदा तर नुसती खाज होती.

रात्रपाळी

असू शकतो. व्यायाम, दारू आणि या जातीच्या वेदनाशामक गोळ्या यांनी तीच अ‍ॅलर्जी जोरात उसळते. पण या वेळी त्यामुळेच झालं की केकमध्ये काजू जास्त होता, हे आता कोणी सांगू शकणार नाही. तज्ज्ञाला मात्र ही माहिती जरूर द्या. त्वचेची चाचणी साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात, लगेच केली तर खोटी नकारात्मक येऊ शकते. चाचणीआधी सेट्रिझिन किती दिवस बंद ठेवायची ते त्यांनाच विचारा. तोवर पिस्ताही बंद, काजू आणि पिस्ता अगदी जवळचे नातेवाईक. दमाही नीट आटोक्यात आणा, तो ढिला असला की हेच प्रकरण जिवावर बेततं.

हिशेबनीस

एक शंका. पेन टोचलं आणि माणूस दहा मिनिटांत ठणठणीत झाला, तरी हॉस्पिटल? मी वाचलं की अमेरिकेतल्या २०२३ च्या नव्या मार्गदर्शनात प्रत्येक वेळी लगेच जायलाच हवं असं नाही.

अर्धविराम

बरोबर वाचलंत, आमच्या डॉक्टरांनीही ते सांगितलं. पण त्याला अटी आहेत: एका पेनने त्रास पटकन आणि पूर्ण गेला पाहिजे, हाताशी आणखी पेन हवं, सोबत जाणतं माणूस हवं. मी एकदा मुलीला घरीच ठेवलं होतं आणि रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते.

रात्रपाळी

मला ते पटत नाही, निदान या माणसासाठी तरी नाही. दमा आहे, दोन इंजेक्शनं लागली, पाच तासांनी पुन्हा उसळलं. दुसरी लाट थोड्याच जणांना येते, पण त्याला आलीये. तुमच्या मुलीबाबत तुमच्या डॉक्टरांचा निर्णय वेगळा असू शकतो, त्यात मी पडत नाही.

मधलीसुट्टी

आज पेन लिहून मिळालं, ०.३ मिलिग्रॅमचं. पण तुम्ही तर अर्धा मिलिग्रॅम म्हणालात, आणि तो ८८ किलोचा. पुरेल?

रात्रपाळी

म्हणूनच दोन ठेवतात. पहिलं टोचा, रुग्णवाहिका बोलवा, पाच मिनिटांत फरक नसेल तर दुसरं. कपड्यावरून टोचलं तरी चालतं, फक्त खिशातल्या किल्ल्या-मोबाइल बाजूला करा. फ्रिजमध्ये ठेवू नका, तापलेल्या गाडीत तर मुळीच नको. आणि पेनच्या खिडकीतून औषध गढूळ किंवा तपकिरी दिसलं तर बदला.

मधलीसुट्टी

दोन आणते. सरावाचं बिनसुईचं पेन दिलंय, त्यावर आज घरात सगळ्यांचे हात फिरवून घेतले. सासूबाईंनी पहिल्याच फटक्यात उलटं धरलं, अंगठा सुईच्या टोकावर! खरं असतं तर सगळं औषध त्यांच्याच अंगठ्यात गेलं असतं. चार वेळा करून घेतलं, आता बरोबर धरतात. गोळीने भागलं असतं हे मात्र अजून सोडलेलं नाही. दीर म्हणतो काजू नव्हे, बदामच होता. चाचणीची तारीख पाच आठवड्यांनी आहे.