विक्रेता करारांतली तीन कलमं : ‘हो/नाही’ पुरतं का?

शीघ्रवाचक : जोखीम आढाव्यासाठी ३०० करार वाचायला लोक महिनाभर घेतात. कशाला? सबकॉन्ट्रॅक्ट, असाइनमेंट, चेंज ऑफ कंट्रोल हे शब्द शोधा. सापडले की ‘हो’, नाही तर ‘नाही’. बाकी सगळा वकिलांचा वेळकाढूपणा.

तळटीप : असे तक्ते पुढे माझ्याकडे दुरुस्तीला येतात, म्हणून सविस्तर लिहिते. एक करार घ्या. कलम १४ म्हणतं, पुरवठादार लेखी संमतीशिवाय करार दुसऱ्या कोणाला असाइन करणार नाही. तुमच्या तक्त्यात असाइनमेंटपुढे ‘हो’, चेंज ऑफ कंट्रोलपुढे ‘नाही’. उद्या पुरवठादाराच्या मूळ कंपनीचे सगळे शेअर तिसऱ्याच कोणी घेतले. सही करणारी कंपनी तीच आहे, तिने करार कोणाला दिलेला नाही, त्यामुळे नुसतं असं कलम सहसा लागू होत नाही. पण पान २ वर व्याख्येत लिहिलंय, की मतदानाच्या ५० टक्क्यांहून जास्त हक्कांची मालकी बदलली तर तेही असाइन करणंच. म्हणजे तुमची संमती लागणार होती. ‘चेंज ऑफ कंट्रोल’ हे शब्द मात्र अख्ख्या करारात नाहीत.

कधी हीच तरतूद करार संपवण्याच्या कलमात असते : मालकी बदलल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस दिली तर करार संपवता येतो. ते ३० दिवस गेले की हक्क गेला. म्हणून रकान्यात ‘हो’ नको. कलमाचा मूळ मजकूर जसाच्या तसा हवा, आणि कोणावर बंधन, कशाने लागू होतं, संमती की फक्त कळवणं, मुदत कधीपासून, हे त्याच्या शेजारी.

विलीनपंथी : इतकं घाबरायचं कारण नाही. कलमात ‘बाय ऑपरेशन ऑफ लॉ’, म्हणजे कायद्याने आपोआप होणारं हस्तांतरही, असं असेल तर विलीनीकरण, शेअरविक्री सगळं त्यात येतं. आमचं तेवढंच बघायचं ठरलंय.

तळटीप : अर्धंच बरोबर. पुरवठादार कंपनीच दुसरीत विरून संपली तर त्या शब्दांचा उपयोग होऊ शकतो. पण खरेदीदाराची उपकंपनी पुरवठादारात विलीन होऊन पुरवठादार टिकला, तर? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरच्या चॅन्सरी कोर्टाने मेसो स्केल विरुद्ध रोश खटल्यात सांगितलं, की ते असाइनमेंट होत नाही. दुसऱ्या कायद्याखाली उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणून कराराला कुठला कायदा लागू, तेही टिपायचं.

विलीनपंथी : ठीक, शेअरविक्रीचं मागे घेतो. आमच्या तक्त्यात लागू कायद्याचा रकाना नाही, हेही खरं.

विकलेले : आमचं उलटंच झालं. कंपनी आमचीच विकली गेली, आणि सॉफ्टवेअर पुरवठादार म्हणाला, आता माझी संमती घ्या, आणि संमतीसाठी वाढीव फी द्या! कलम दोन्ही बाजूंना बांधणारं होतं, आढाव्यात कोणी बघितलंच नाही. अशा पुरवठादारांना काळ्या यादीत टाकायला हवं.

शीघ्रवाचक : धागा पुरवठादाराच्या मालकीबद्दल आहे, तुमच्या नाही. आणि सबकॉन्ट्रॅक्टिंगला तरी माझी पद्धत चालते. ते कलम नेहमी त्याच नावाने असतं.

जोडपत्र : नेहमी?! मुख्य करारात ‘लेखी संमतीशिवाय उपकंत्राट नाही’. डेटा प्रक्रियेच्या जोडपत्रात सब-प्रोसेसर, म्हणजे तुमचा डेटा हाताळायला पुरवठादाराने लावलेली दुसरी कंपनी, नेमायला सर्वसाधारण परवानगी, फक्त आधी कळवायचं आणि तुम्ही हरकत घ्यायची. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याचं, जीडीपीआरचं, कलम २८ दोन्ही पद्धती चालवून घेतं. विसंगती आली तर जोडपत्र वरचढ, असं तिसरीकडेच लिहिलेलं. तुमच्या तक्त्यात ‘संमती लागते’, प्रत्यक्षात तुमचा डेटा चौथ्याच कंपनीकडे.

आणि बहुतेक फायलींत ते जोडपत्र नसतंच! खरेदी विभाग सहीचं पान जपतो, बाकी वाऱ्यावर.

खरेदीखाते : हे ऐकून घेणार नाही. जोडपत्र तुमचा विभाग थेट पुरवठादाराशी ईमेलवर ठरवतो, आम्हाला प्रत कधी येते? दुरुस्तीपत्रांचंही तेच.

जोडपत्र : मागितली होती कधी?

खरेदीखाते : दर नूतनीकरणाला.

तळटीप : भांडण बाजूला ठेवा, पण यातून तक्त्याला एक गोष्ट लागते. ‘नाही’चे दोन अर्थ वेगळे करा : सगळे कागद वाचले आणि करार गप्प आहे, किंवा कागदच अपुरे आहेत. कराराने ज्या जोडपत्रांचा आणि दुरुस्त्यांचा उल्लेख केलाय, त्यांची यादी आधी काढा. फायलीत नसलेलं प्रत्येक नाव म्हणजे ‘अपुरे’.

शीघ्रवाचक : ‘अपुरे’ घालतो, व्याख्याही वाचतो. पण ३०० करारांच्या नाही. मोठ्या रकमेच्या पहिल्या ४० च्या.

जोडपत्र : रकमेवरून? आमच्याकडे पगारपत्रकं हाताळणारा पुरवठादार रकमेच्या यादीत तळाशी आहे.

शीघ्रवाचक : मग क्रम कशावर लावायचा, ते तुम्हीच सांगा. डेटा कोणाकडे आहे याची यादी खरेदीकडे नाही, आणि तुमच्याकडेही नसावी.

खरेदीखाते : नाहीच आहे.