उत्तर: उन्हाळ्यात सोलर पॅनेलची वीज का घटते

> मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, मग दुपारी ५४० वॅटचं पॅनेल ४६० च्या आसपासच का अडकतं?

वीज उजेडातून होते, उष्णतेतून नाही. पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या सेलवर पडलेल्या प्रकाशकणात साधारण १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा जास्त ऊर्जा असेल, तर तो एक इलेक्ट्रॉन बंधातून मोकळा करतो. सेलमधल्या दोन थरांच्या सांध्यावर कायमचं विद्युत क्षेत्र असतं. ते या इलेक्ट्रॉनला एका बाजूला आणि त्याच्या रिकाम्या जागेला दुसऱ्या बाजूला ढकलतं. बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू.

सेल तापला की उष्णतेनेच सांध्याच्या दोन्ही बाजूंना जादा मोकळे इलेक्ट्रॉन आणि रिकाम्या जागा तयार होतात, सांध्यातून प्रवाहाची उलट गळती वाढते आणि व्होल्टेज उतरतं. प्रवाह किंचित वाढतो, पण तो ही घट भरून काढत नाही. पॅनेलचे वॅट २५ अंश सेल-तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात सेल सहज ६५ अंशांवर जातो, म्हणजे ४० अंश जास्त. दर अंशाला ०.३५ टक्के घट धरली तर १४ टक्के गेले आणि ५४० चे साधारण ४६४ उरले. तुमचा आकडा बरोबर आहे, पॅनेल ठीक आहे.

खात्रीसाठी इन्व्हर्टरवर डीसी व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे बघा. स्वच्छ दुपारी अँपिअर नेहमीचे आणि व्होल्ट कमी, तर कारण उष्णता. अँपिअरच कमी असतील तर आधी धूळ पुसा, सावली तपासा. पॅनेल पत्र्याला चिकटून बसवलं असेल तर खाली हवा खेळायला जागा हवीच.