मदत हवी आहे: ग्रुप मेडिक्लेममध्ये खोली महाग घेतली तर डॉक्टरचे पैसेही कापतात का?

सूतवाला_वर्धा
नमस्कार भाऊ लोक. मी वर्धा जिल्ह्यात एका सूतगिरणीत आहे. परवा युनियनच्या अध्यक्षांनी गेटमिटिंग घेतली, विषय आमचा ग्रुप मेडिक्लेम. त्यांनी सांगितलं की प्रत्येक कुटुंबाले वर्षाला ३ लाखांचं कव्हर आहे, पण खोलीचं भाडं कव्हरच्या १ टक्का म्हणजे दिवसाला ३००० पर्यंतच मिळते, आयसीयूले २ टक्के म्हणजे ६०००. साधी ओपीडी, आणि हातमोजे, मास्क असलं सामान हे आपल्या खिशातून. एवढं सगळ्यांच्या डोक्यात गेलं.

मग ते म्हणाले, "३००० च्या वरची खोली घेतली तर फक्त फरक भरावा लागत नाही रे बाप्पा, बाकी बिलही त्याच प्रमाणात कापल्या जाते." इथं सगळे गप्प. आमच्या डिपार्टमेंटातल्या एकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, नागपूरले ४ दिवस ५००० च्या खोलीत होता. बिल १ लाख २० हजार, मिळाले ६९ हजार. त्याले वाटलं होतं फार तर खोलीचे २००० गुणिले ४ म्हणजे ८ हजार जातील. ५१ हजार काऊन गेले? कर्ज काढून भरले त्यानं, म्हणून नीट समजून घ्यायचं आहे.

गजूभाऊ
बरोबरच कापले. ५ हजाराच्या खोलीत ३ हजार मिळतात म्हणजे ६० टक्के, तर अख्ख्या बिलाचे ६० टक्के. नियमच आहे तो, भांडून काही होत नाही.

बिलिंगवाली_ताई
गजूभाऊ, प्रमाण बरोबर आहे, पण अख्ख्या बिलावर नाही. मी हॉस्पिटलच्या बिलिंगला बरीच वर्षं काम केलंय. हॉस्पिटल महागड्या खोलीच्या पेशंटला सर्जनची फी, भूलवाल्या डॉक्टरची फी, ओटी चार्ज पण वरच्या दराने लावतं, म्हणून कंपनी ते त्या प्रमाणात कमी करते. पण औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांचा खोलीशी काही संबंध नसतो, त्यावर ही कपात करता येत नाही, विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०२० च्या सूचनांमध्ये तसं लिहिलंय. आयसीयूच्या चार्जवर पण नाही. भाऊ, बिलात कशाचे किती होते ते टाका.

विदर्भकन्या८
आमच्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, एकाच दिवसात सोडतात म्हणे, तर २४ तास ॲडमिट नसलं तर मिळत नाही ना? यांच्या फॅक्टरीतही ग्रुप पॉलिसी आहे

बिलिंगवाली_ताई
मोतीबिंदू डे केअरमध्ये येतो, २४ तासांची अट त्याला नसते. पण आधी सासूबाईंचं नाव पॉलिसीत आहे का बघा, बऱ्याच ग्रुप पॉलिसीत फक्त नवरा, बायको आणि मुलं असतात. शिवाय एका डोळ्यामागे मर्यादा असते, ती एचआरला विचारा.

सूतवाला_वर्धा
ताई, त्याच्याकडून कागद घेतले. खोली २० हजार, सर्जन भूल आणि ओटी मिळून ६० हजार, औषधं २५ हजार, तपासण्या १० हजार, आणि हातमोजे वगैरे सामान ५ हजार.

बिलिंगवाली_ताई
मग हिशोब बघा. खोलीचे १२ हजार मिळणार. ६० हजाराचे ६० टक्के म्हणजे ३६ हजार. औषधं आणि तपासण्यांचे ३५ हजार पूर्ण. सामानाचे ५ हजार नाही मिळणार. एकूण ८३ हजार झाले, मिळाले ६९. म्हणजे त्यांनी औषधं-तपासण्यांचेही ६० टक्केच धरले आणि तिथेच १४ हजार गेले. सेटलमेंट लेटरमध्ये प्रत्येक कपातीसमोर कारण लिहिलेलं असतं, औषधाच्या ओळीसमोर खोलीच्या प्रमाणाचं कारण दिसलं तर हे पक्कं समजा. आधी कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीएला आणि विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, तिथे नाहीच ऐकलं तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही.

गजूभाऊ
हे मला माहीत नव्हतं, आमच्या इथं तर सरसकट कापून राहिले. पण ताई, ३००० ची खोली रिकामीच नसली तर माणसानं काय करावं?

बिलिंगवाली_ताई
ॲडमिशनच्या वेळी तसं लेखी मागून घ्या. कंपनी मानेलच असं नाही, पण तक्रारीत कामी येतं. अजून एक, काही छोट्या हॉस्पिटलात सगळ्या खोल्यांना सर्जन आणि ओटीचा दर एकच असतो. तसं असेल तर ही कपात लावताच येत नाही, मग त्या ६० हजारातले कापलेले २४ हजारही मागता येतील. हॉस्पिटलचं दरपत्रक मिळवा.

सूतवाला_वर्धा
औषधाच्या ओळीसमोर तेच कारण आहे ताई, आत्ताच पाहिलं. अध्यक्षांना फोन केला, ते म्हणाले अर्ज युनियनच्या लेटरहेडवर देऊ, आणि या वर्षी अजून कोणाकोणाचे असे कापले ते पण गोळा करू. दरपत्रक मात्र हॉस्पिटलवाले देऊन नाही राहिले, उद्या परत जातो.