मदत हवी आहे : दुबईच्या कंपनीत साठणारा नफा टिकेल का?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब बघतो. मालकांच्या कंपनीनेच दुबईच्या फ्री झोनमध्ये शंभर टक्के मालकीची कंपनी काढली आहे. 100 रुपये खर्चाचा माल आम्ही तिला 104 ला देतो, ती जर्मनीच्या ग्राहकाला 130 ला विकते. माल थेट जर्मनीला जातो, 26 रुपये दुबईत राहतात.

अमेरिकेत 1962 पासून अशा खरेदी-विक्रीचा नफा, लाभांश वाटला नाही तरी, मूळ कंपनीच्या उत्पन्नात धरतात. आपल्याकडे तसा कायदा नाही. 2010 च्या प्रत्यक्ष कर संहितेत तरतूद होती, पण ते विधेयक मंजूरच झाले नाही. त्याऐवजी इथे ‘पोएम’ बघतात, म्हणजे कंपनीचे महत्त्वाचे निर्णय प्रत्यक्षात कुठे होतात. दुबईची उलाढाल 38 कोटी आहे आणि वर्षाला 50 कोटींपर्यंत ही कसोटी लावत नाहीत, म्हणून शेठ निर्धास्त आहेत.

मला मात्र झोप नाही. ती सूट फक्त पोएमपुरती आहे, ट्रान्सफर प्रायसिंगला, म्हणजे आपल्याच दोन कंपन्यांमधला भाव बाजारभावाला धरून आहे का या तपासणीला, नाही. नमुने, भाव, ग्राहकाशी बोलणी, सगळे सोलापुरात होते. तिकडे एकच कर्मचारी बिले काढतो. मग 26 रुपये कोणत्या कामाचे, असे अधिकाऱ्याने विचारले तर?

कुणी दुबईची कंपनी टेस्टेड पार्टी, म्हणजे जिचे मार्जिन इतरांशी ताडून बघायचे ती बाजू, धरून अहवाल केला आहे का? निव्वळ बिले काढण्याच्या कामाला किती मार्जिन तपासणीत मान्य झाले, आणि कोणती कागदपत्रे मागितली?