संचयी ठेवीचे व्याज आणि प्राप्तिकर अधिकाऱ्यांना द्यायचे उत्तर: फरक भरावा की पद्धत मांडावी?

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा: आकारणी वर्ष २०२४-२५ साठी मला विवरणपत्राच्या तपासणीसाठी कलम १४३(२) ची नोटीस आली आहे. बँकेच्या प्रमाणपत्रात ठेवींचे व्याज १,४५,७०० रुपये आहे आणि मी ७४,५०० दाखवले आहे. उरलेले ७१,२०० रुपये दहा लाखांच्या पाच वर्षांच्या संचयी ठेवीवरचे आहेत, जिचे व्याज मुदतीअखेर एकदम मिळते. ती ठेव एप्रिल २०२३ मध्ये ठेवली असून ते पैसे माझ्या हातात आलेले नाहीत. टीडीएस मात्र मी पूर्ण १४,५७० रुपयांचा मागितला होता. अधिकाऱ्यांना पत्रात काय लिहावे?

निवृत्त बँक अधिकारी, पुणे: माझ्या मते वाद न घालता फरक मान्य करून कर भरावा. बँक दरवर्षी व्याज आकारून त्यावर टीडीएस कापते, ते एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरणात उमटते आणि प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने तोच अंतिम आकडा असतो. आता अद्ययावत विवरणपत्र भरून मोकळे व्हावे.

कर सल्लागार, सांगली: यातल्या दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतील. एआयएस ही खात्याकडे पोचलेली माहिती आहे, उत्पन्नाचा निवाडा नव्हे. आणि आकारणीची कार्यवाही चालू असताना त्या वर्षाचे अद्ययावत विवरणपत्र भरता येत नाही, त्यामुळे जे सांगायचे ते आता प्राप्तिकर पोर्टलवरील ई-प्रोसीडिंगमधील उत्तरातच सांगावे लागेल.

कलम १४५ प्रमाणे व्याजाचे उत्पन्न रोख पद्धतीने, म्हणजे हातात मिळेल त्या वर्षी, किंवा उपार्जित पद्धतीने, म्हणजे दरवर्षी आकारले जाईल तसे दाखवता येते. अट अशी की जी पद्धत धरली ती नियमितपणे पाळलेली असावी. म्हणून पहिला प्रश्न असा की बाईंची याआधीची एखादी संचयी ठेव मुदत संपून मिळाली होती का, आणि तेव्हा व्याज कसे दाखवले होते?

खरी कमकुवत बाजू टीडीएसची आहे. व्याज या वर्षीचे नाही असे म्हणायचे आणि त्यावरचा कर मात्र याच वर्षी परत मागायचा, हे अधिकारी मान्य करणार नाहीत. नियम ३७बीए(३) प्रमाणे टीडीएसचा लाभ उत्पन्न ज्या वर्षी करपात्र होते त्याच वर्षी मिळतो. म्हणजे ७,१२० रुपयांची मागणी आत्ता सोडावी लागेल.

ठेवीदार, नाशिक: टीडीएस कापू नये म्हणून मी दरवर्षी एप्रिलमध्ये बँकेत १५एच फॉर्म देतो, त्यामुळे माझ्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही. बाईंनीही तेच करावे.

कर सल्लागार, सांगली: १५एचमुळे बँक कर कापत नाही, एवढेच. व्याज एआयएसमध्ये दिसतेच आणि ते कोणत्या वर्षी दाखवायचे हा प्रश्न तसाच राहतो. शिवाय एकूण उत्पन्नावर कर लागत असेल तर तो फॉर्म देताच येत नाही.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा: होय, २०१९ ची एक संचयी ठेव २०२२ मध्ये मिळाली, तेव्हा तिचे सगळे व्याज मी आकारणी वर्ष २०२३-२४ च्या विवरणपत्रात एकदम दाखवले होते.

कर सल्लागार, सांगली: मग तेच विवरणपत्र आपला मुख्य पुरावा आहे. ठेवीच्या पावतीसह ते जोडून पत्राचा गाभा असा ठेवावा:

"प्रमाणपत्रातील १,४५,७०० रुपयांपैकी ७४,५०० रुपये मला या वर्षात प्रत्यक्ष मिळाले असून ते विवरणपत्रात दाखविले आहेत. उर्वरित ७१,२०० रुपये सोबत जोडलेल्या पावतीवरील संचयी ठेवीवर बँकेने आकारले आहेत आणि ते एप्रिल २०२८ मध्ये मुदतपूर्तीस मिळतील. व्याजासाठी मी रोख पद्धत नियमितपणे पाळते. आकारणी वर्ष २०२३-२४ चे सोबतचे विवरणपत्र कृपया पाहावे. या रकमेवर कापलेल्या ७,१२० रुपयांच्या कराची मागणी मी या वर्षापुरती मागे घेत असून, व्याज ज्या वर्षी करपात्र होईल त्या वर्षी तो लाभ मिळावा, ही विनंती."

पत्रात "नजरचुकीने राहून गेले" असे लिहू नये, कारण मग पद्धतीचा मुद्दाच उरत नाही.

निवृत्त बँक अधिकारी, पुणे: अद्ययावत विवरणपत्राबद्दलची दुरुस्ती मान्य. तरीही आक्षेप राहतो. सात टक्के दराने पाच वर्षांचे जवळपास ४ लाख १४ हजार रुपये एकाच वर्षात उत्पन्नात आले तर निवृत्तिवेतनधारकाचा कराचा टप्पा वर जाऊ शकतो. शिवाय संचयी ठेवीचे व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवले जाते आणि ठेव केव्हाही मोडता येते. मग ते व्याज मिळालेच नाही, असे कसे म्हणता येईल?

कर सल्लागार, सांगली: शेवटचा मुद्दा अधिकारीही काढू शकतात आणि त्यावर हमखास निकालाची खात्री मी देणार नाही. माझे म्हणणे एवढेच की कर एकदम येण्याची भीती हे पुढच्या ठेवी वेगळ्या रीतीने ठेवण्याचे कारण आहे. आधीच्या वर्षी पाळलेली पद्धत या एका नोटिशीपुरती बदलण्याचे नव्हे. उपार्जित पद्धत धरायचीच असेल तर ती सगळ्या ठेवींना आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला लावावी लागेल.

निवृत्त मुख्याध्यापिका, सातारा: मी टीडीएसची मागणी सोडून हेच उत्तर देते. २०२२ मध्ये मिळालेल्या ठेवीवर आधीच्या वर्षांत कापलेला कर मी त्या त्या वर्षीच मागितला होता; तो उल्लेख पत्रात आपणहून करावा की विचारल्यावर, हे कृपया सांगावे.