'गणनीय' अनंत आणि 'अगणित' संख्या: मोजता येतं म्हणजे नक्की काय?

दुसरा बाक: संचसिद्धान्त नुकताच सुरू झालाय आणि शब्दापाशीच अडलोय. नैसर्गिक संख्यांचा संच म्हणे 'गणनीय' आहे. पण त्या तर अगणित आहेत! आणि वास्तव संख्या 'अगणनीय', म्हणजे त्याहून जास्त अगणित?

ऱ्हस्वदीर्घ: वाचनीय, पूजनीय यांसारखाच शब्द आहे, 'मोजण्याजोगं'. घोळ असा की मोजायचं म्हटलं की आपल्याला शेवटचा आकडा हवा असतो. संचसिद्धान्त उभा करणाऱ्या गणिती कांटोरचा जर्मन शब्द 'आब्त्सेलबार'. त्यामागचं क्रियापद एकेक मोजत जाण्याचं आहे, मोजून संपवण्याचं नाही. मला 'यादीक्षम' सुचतो. प्रत्येकाला पहिला, दुसरा, तिसरा असा नंबर लावता आला आणि कुणीही सुटलं नाही की झालं. यादी संपायची गरज नाही.

जुनी पोथी: जैन गणितात संख्यात, असंख्यात, अनंत असे तीन वर्ग आहेत. मग 'असंख्यात' तयारच आहे की.

ऱ्हस्वदीर्घ: शब्द सुरेख आहे. पण तिथे असंख्यात हे अनंताच्या अलीकडचं आहे. इथे दोन्ही अनंतच, त्यामुळे मुलं आणखी गोंधळतील.

वर्गमूळ: वास्तव संख्या अगणनीय आहेत हे दाखवणारी कांटोरची कर्णाची युक्ती तर सोपी आहे. बाजू 1 असलेल्या चौरसाचा कर्ण √2, तो अपरिमेय. म्हणून वास्तव संख्या जास्त.

खडू: नाही, तो कर्ण वेगळा. इथे आकड्यांच्या तक्त्यातली तिरकी ओळ आहे. शिवाय एका √2 ने काहीच होत नाही, ती परिमेय संख्यांच्या यादीत वर लिहून टाकली तरी यादी यादीच राहते. कांटोरची 1891 ची युक्ती अशी. कुणीतरी 0 ते 1 मधल्या सगळ्या संख्यांची यादी आणली म्हणू:

```
1) 0.5 1 7 2 ...
2) 0.3 3 3 3 ...
3) 0.1 4 1 5 ...
4) 0.9 0 2 5 ...
```

पहिल्या ओळीतला पहिला आकडा, दुसरीतला दुसरा, असं तिरकं उतरायचं: 5, 3, 1, 5. आकडा 5 असेल तर 4 लिहा, नसेल तर 5. मिळालं 0.4554… ही संख्या पहिल्या ओळीशी पहिल्या स्थानी जुळत नाही, दुसरीशी दुसऱ्या, आणि हजाराव्या ओळीशी हजाराव्या. म्हणून ती यादीत कुठेच नाही.

शंकासुर: मग तीही यादीत घाला. अनंत यादीत एक जागा नसेल?

खडू: घाला. नवी यादी झाली, तिलाही तिरकी ओळ आहेच, तिच्यातून नवी सुटलेली संख्या निघेल. ही एक यादी फसली असा दावा नाही. कुठलीही आणा, तीत काहीतरी सुटतंच.

दुसरा बाक: 4 आणि 5 च का? मी सरळ एक वजा केला असता, 0 चा 9.

खडू: छान प्रश्न, इथेच मार्क जातात. समजा पहिली ओळ 0.5000… आहे आणि पुढच्या प्रत्येक ओळीचा तिरका आकडा 0 आहे. तुझ्या नियमाने 0.4999… मिळेल. आणि ती म्हणजेच 0.5, पहिलीच ओळ! आकडे वेगळे, संख्या तीच. असं दुहेरी लेखन शेवटी नुसते 0 किंवा नुसते 9 येतात तेव्हाच होतं. फक्त 4 आणि 5 वापरले की ती पळवाट बंद.

शंकासुर: पण मग हीच युक्ती परिमेय संख्यांवर चालवली तर? त्याही अगणनीय ठरतील!

खडू: चालव ना. यादीबाहेरची संख्या मिळेलच, पण ती परिमेय आहे असं कोण म्हणतंय? परिमेय संख्या सगळ्या यादीत आहेत, म्हणजे मिळालेली अपरिमेयच. विरोध उभाच राहत नाही. तयार झालेली वस्तू मूळ संचातलीच हवी, हे तपासल्याशिवाय युक्ती पुरी होत नाही. नैसर्गिक संख्यांवर करशील तर डावीकडे न संपणारी आकड्यांची माळ येईल, आणि ती नैसर्गिक संख्याच नाही.

जुनी पोथी: मला अजूनही 'अगणनीय' पटत नाही. 'यादीबाहेरच्या संख्या' म्हणा.

ऱ्हस्वदीर्घ: तेही चुकेल. π हवा तर यादीत पहिल्या नंबरवर लिहा, कोण अडवतंय? एकटी संख्या कधीच यादीबाहेरची नसते, सगळ्या मिळून एका यादीत मावत नाहीत. विशेषण संचाचं आहे, संख्येचं नाही.

दुसरा बाक: म्हणजे 'π ही अगणनीय संख्या' असं मी वहीत लिहिलंय ते खोडू?

खडू: खोड.